उशिराची माफी पुन्हा पुन्हा मागावी लागते? कॅप्शन लिहिण्याआधी ढीग मोजा

लक्षण ओळखीचं आहे. दुकान लहान, दोन-तीन माणसं सगळं बघतात. ऑर्डरी तुंबल्या की इन्स्टाग्रामवर माफीची पोस्ट पडते. खाली हृदयाच्या इमोजी येतात, "काही हरकत नाही, घ्या वेळ" असं चारजण लिहितात आणि दोन दिवस बरे जातात. मग त्याच पोस्टखाली पहिली कमेंट येते: "तुम्ही म्हणाला होतात दोन-तीन दिवसांत, आज सहावा दिवस." तिच्याखाली आणखी तिघं. दुकान दुसरी माफी लिहितं, या वेळी जरा लांब, जरा भावुक. तिसऱ्या माफीला कोणी वाचत बसत नाही, थेट पैसे परत मागतात.

उशीर बहुतेक गिऱ्हाईक सोसतं. पहिल्या माफीत दिलेला शब्दच खोटा ठरला की ते बिथरतं. आणि तो शब्द बहुतेक वेळा खोटाच ठरणार असतो, कारण "दोन-तीन दिवस" कुठल्या हिशोबातून आलेले नसतात. ते तोंडावर येतात म्हणून लिहिले जातात. म्हणून दुरुस्ती कॅप्शनपासून नाही, हिशोबापासून सुरू करायची.

आधी ढिगाचे दोन भाग करा

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. दुकान डायऱ्या आणि प्लॅनर विकतं. मे महिन्याच्या शेवटी सवलत लावली, ऑर्डरी धो-धो आल्या, पॅक करणारे हात मात्र तेवढेच राहिले. सोमवारी, ८ जूनला सकाळी बघितलं तर ८४ ऑर्डरी पडून. रोज सरासरी ११ नव्या येतात, रविवारीसुद्धा. पॅक होऊन कुरिअरच्या हातात जातात रोज १८, पण सोमवार ते शनिवारच.

८४ हा आकडा पाहून कॅप्शन लिहायला बसू नका. त्यातल्या २३ ऑर्डरींत कापडी कव्हरची डायरी आहे आणि कव्हरं पुरवठादाराकडून आलेलीच नाहीत. त्या २३ ऑर्डरींचं तुमच्या हातात आज काहीच नाही, रात्रभर जागलात तरी. उरलेल्या ६१ मात्र निव्वळ हातांच्या कमतरतेमुळे थांबल्या आहेत. या दोन गटांना एकच तारीख दिली की एक गट हमखास फसतो. बऱ्याच माफीनाम्यांचं गणित इथेच बिघडतं: ६१ जणांना जे खरं आहे ते ८४ जणांना सांगितलं जातं.

आता ६१ चं बघू. जुनी ऑर्डर आधी, हा क्रम पाळला तर ६१ भागिले १८, म्हणजे साडेतीनच्या आत. सोमवार, मंगळवार, बुधवार आणि गुरुवारचा अर्ध्याहून कमी भाग. गुरुवारी, ११ तारखेला शेवटची निघते. एक दिवस हाताशी ठेवायचा आणि जाहीर करायचं १२ जून. कुरिअरवाला एखाद्या दिवशी लवकर येऊन जातो, लेबल प्रिंटर रुसतो, तेवढ्यासाठी तो दिवस. दोन दिवस ठेवलेत तरी बिघडत नाही. गिऱ्हाइकाला पार्सल सांगितल्यापेक्षा आधी मिळालं म्हणून आजवर कोणी भांडलेलं नाही.

"जुनी आधी" ही अट लिहायला सोपी आहे, पाळायला नाही. प्रत्यक्षात काय होतं? जो जास्त मेसेज करतो त्याची ऑर्डर वर काढली जाते. एकच वस्तू असलेली ऑर्डर पटकन होते म्हणून ती आधी. तीन वस्तूंची, नाव छापून द्यायची, ती मागे. असं केलं की रोज १८ निघतात हे खरंच असतं, पण सगळ्यात जुन्या दहा तशाच राहतात, आणि सगळ्यात चिडलेल्या कमेंट त्याच दहाजणांच्या असतात. तपासायचं असेल तर शनिवारी निघालेल्या पार्सलांच्या ऑर्डरच्या तारखा बघा. त्यात ६ जूनच्या चार आणि ३० मेची एकही नसेल, तर तुमची १२ तारीख खरी होणार नाही. आधी क्रम सुधारा, मग पोस्ट टाका.

आणखी एक आकडा काढून ठेवा, तो कॅप्शनमध्ये जाणार नाही पण तुम्हाला लागेल. आठवड्याला येतात ७७, जातात १०८. म्हणजे ढीग आठवड्याला ३१ नं उतरतो. ६१ चा ढीग पूर्ण उतरून दुकान मूळ वेगावर यायला साधारण दोन आठवडे लागतील, मध्येच कव्हरं येऊन त्या २३ ऑर्डरी सामील झाल्या तर अजून चारपाच दिवस. त्या काळात नवी ऑर्डर देणाऱ्यालाही थांबावं लागणार आहे. आज ऑर्डर देणारा ६१ जणांच्या मागे उभा आहे, त्याचं पार्सल गुरुवार-शुक्रवारशिवाय निघत नाही. वस्तूच्या पानावर मात्र अजून "२४ तासांत रवाना" लिहिलेलं असेल, तर तुम्ही माफी मागता मागता पुढच्या माफीची तयारी करताय. ती ओळ आधी बदला.

माफीत सवलतीचा कोड घालू नका

ही चूक इतकी सर्रास होते की तिला वेगळी जागा द्यावी लागते. "उशिराबद्दल माफी म्हणून सगळ्यांना पुढच्या ऑर्डरवर २० टक्के सूट!" दिलदार वाटतं, दुकानदाराला थोडं हलकंही वाटतं. आता वरचंच गणित करा. सवलतीमुळे रोजच्या ११ च्या २० झाल्या, तर आठवड्याला १४० येणार आणि १०८ जाणार. ढीग ३१ नं उतरायच्या ऐवजी ३२ नं चढेल. उशिरावर उपाय म्हणून दिलेली गोष्टच पुढचा उशीर करते, आणि पंधरा दिवसांनी तुम्ही पुन्हा इथेच.

शिवाय ज्याची ऑर्डर अडकली आहे त्याच्या नजरेतून वाचा. माझी पहिली वस्तू आली नाही, आणि हे मला दुसरी घ्यायला सांगतायत.

भरपाई द्यायचीच असेल तर ज्यांना उशीर झाला त्यांनाच, न मागता, आणि शक्यतो पैशाच्या रूपात: पार्सलचा खर्च घेतला असेल तो परत करा. कोडच द्यायचा असेल तर तो वैयक्तिक मेसेजमधून द्या आणि ढीग उतरल्यानंतरच्या तारखेपासून चालू होईल असा ठेवा. जाहीर पोस्टमध्ये त्याचा उल्लेख नको. ज्यांचं काही अडकलेलं नाही त्यांना तो कोड निव्वळ सेल वाटतो, आणि ते तसेच वागतात.

पोस्ट टाकायच्या आधीचे मेसेज

कापडी कव्हरवाल्या २३ जणांना उशिराची बातमी फीडमधून कळता कामा नये. त्यांना आधी मेसेज किंवा ईमेल जायला हवा, पोस्ट त्यानंतर. मेसेजमध्ये तीन वाटा ठेवा: थांबा, दुसरं कव्हर घ्या, किंवा पैसे परत घ्या. आणि उत्तर आलंच नाही तर काय होईल तेही सांगा, नाहीतर अर्धे लोक उत्तर देत नाहीत आणि तुम्ही त्यांच्यासाठी अडून बसता.

> नमस्कार, तुमच्या ऑर्डरमधलं कापडी कव्हर आमच्याकडे अजून आलेलं नाही, त्यामुळे डायरी पाठवता आली नाही. माफ करा. पुरवठादारानं १५ जूनला माल देतो म्हटलंय. तुम्ही थांबू शकता, साधं कव्हर घेऊ शकता (फरकाचे पैसे परत करू), किंवा पूर्ण पैसे परत घेऊ शकता. फक्त "थांबतो", "साधं" किंवा "परत" एवढं कळवा. कव्हरं आली तरी आणि नाही आली तरी, १६ जूनला संध्याकाळपर्यंत आम्ही पुन्हा मेसेज करू. तोपर्यंत तुमच्याकडून काही कळलं नाही, तर ऑर्डर तशीच राखून ठेवू.

इथे पार्सल निघण्याची तारीख दिलेलीच नाही, कारण ती तुमच्या हातात नाही. पुन्हा मेसेज करण्याची तारीख मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे, ती द्या आणि पाळा. १६ तारखेला "अजून आली नाहीत" एवढंच सांगायचं असेल तरी सांगा. त्या दिवशी गप्प बसलात तर मागचं सगळं वाया जातं.

जाता जाता एक: अडकलेल्या ऑर्डरी पाचसहाच असतील तर जाहीर पोस्टची गरजच नाही. त्यांना फोन करा नाहीतर मेसेज करा आणि विषय संपवा. जाहीर माफी वाचून ज्यांचं सगळं सुरळीत आहे तेही "माझं पण अडकलंय का?" विचारायला येतात, आणि त्या उत्तरांत पॅकिंगचा एक दिवस जातो.

आता कॅप्शन

नेहमी दिसणारं कॅप्शन असं असतं:

> प्रिय परिवार 💛 तुम्ही दिलेल्या उदंड प्रतिसादामुळे आणि काही अपरिहार्य कारणांमुळे काही ऑर्डरींना थोडा उशीर होत आहे. आमची टीम दिवसरात्र मेहनत घेत आहे. लवकरच तुमच्या ऑर्डरी तुमच्यापर्यंत पोहोचतील. कृपया थोडा संयम ठेवा आणि असंच प्रेम असू द्या!

यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. माझी ऑर्डर यात आहे का, कधी निघेल, मी काय करू, यांपैकी एकाचंही उत्तर नाही. "उदंड प्रतिसाद" ही माफीच्या कपड्यातली बढाई आहे आणि लोकांना ती लगेच कळते. "संयम ठेवा" तर सरळ उलटंच: चूक दुकानाची, सल्ला गिऱ्हाइकाला.

फीडमध्ये कॅप्शनच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. म्हणून कुठल्या ऑर्डरी आणि कुठली तारीख, हे दोन्ही तिथेच बसलं पाहिजे. "प्रिय परिवार"ला तिथे जागा नाही. दुसरं, "उद्या", "या आठवड्यात", "दोन दिवसांत" असे शब्द टाळा. पोस्ट सगळ्यांना एकाच दिवशी दिसत नाही. कोणाला सोमवारी, कोणाला गुरुवारी. गुरुवारी वाचणाऱ्याचा "उद्या" शुक्रवार असतो. तारीख लिहा, महिन्यासकट.

आणि तारीख कशाची, तेही सांगा. घरी पोहोचण्याची तारीख कुरिअरच्या हातात असते. तुमच्या हातात असते ती पार्सल कुरिअरकडे देण्याची. तिचाच शब्द द्या आणि ती कुरिअरकडे देण्याची आहे हे उघड म्हणा.

> ७ जूनपर्यंतच्या ऑर्डरी उशिरा निघतायत, माफ करा. त्या सगळ्या १२ जूनपर्यंत कुरिअरकडे जातील. कापडी कव्हरच्या डायऱ्या सोडून. त्यांना आज वेगळा मेसेज केलाय.
>
> झालं असं की मेच्या सवलतीत आम्हाला पॅक करता येतील त्याहून जास्त ऑर्डरी आम्ही घेतल्या. आणि काहींना पार्सल आमच्याकडेच असताना "रवाना झालं" असा मेसेज गेला, तेही चूक होतं.
>
> आजपासून दोन गोष्टी बदलल्यात. "रवाना"चा मेसेज आता कुरिअरनं पार्सल उचलल्यावरच जाईल. आणि प्रत्येक वस्तूच्या पानावर ती कोणत्या तारखेपर्यंत निघेल हे दिसेल, ऑर्डर देण्याआधीच.
>
> ऑर्डर रद्द करायची असेल तर पार्सल निघायच्या आत मेसेज करा, पूर्ण पैसे परत मिळतील. १२ जूनला संध्याकाळी इथेच सांगू की सगळ्या निघाल्या की नाही.

कारण दोन वाक्यांत आटोपलं आहे आणि दोष कुरिअरवर ढकललेला नाही. पुरवठादाराचं नाव नाही. गिऱ्हाइकानं पैसे तुम्हाला दिलेत, तुमच्या पुरवठादाराला नाही. त्याला तुमच्या पाठीमागची साखळी समजून घ्यायची हौस नसते.

सुधारणेची जाहिरात कशी करायची

सुधारणा हा या पोस्टचा विकण्याजोगा भाग आहे हे खरं, आणि त्यात गैर काही नाही. फक्त ती आधी चालू झालेली हवी. "लवकरच नवी यंत्रणा आणतोय" याला काही किंमत नाही. गिऱ्हाईक स्वतः जाऊन बघू शकेल अशी गोष्ट सांगा. वस्तूच्या पानावरची तारीख कोणीही उघडून बघू शकतं, म्हणून ती सांगण्यासारखी. "आम्ही पॅकिंगची प्रक्रिया अधिक कार्यक्षम केली" हे कोणालाच दिसत नाही, ते तुमच्यापाशी ठेवा.

"रवाना"च्या मेसेजची गोष्ट जरा खोलात सांगतो, कारण "माझं पार्सल कुठे आहे" या प्रश्नांचा मोठा भाग तिथून येतो. दुकानांच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये लेबल तयार केलं किंवा ऑर्डर पूर्ण म्हणून टिक केली की गिऱ्हाइकाला ट्रॅकिंग नंबरसकट मेसेज आपोआप जातो. तुम्ही सोयीसाठी सोमवारी पन्नास लेबलं एकदम काढता. पन्नासजणांना सोमवारीच "रवाना" कळतं. त्यातल्या शेवटच्याचं पार्सल कुरिअरकडे जातं बुधवारी. मधले दोन दिवस तो ट्रॅकिंग उघडतो आणि तिथे एकाच ओळीशिवाय काही नसतं: माहिती मिळाली, पार्सल मिळालेलं नाही. उशीर त्याला खटकलाच असता, आता खोटेपणाही खटकतो.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये तो आपोआप जाणारा मेसेज बंद करा, किंवा लेबलं त्या दिवशी जेवढी पार्सलं खरंच जाणार तेवढीच काढा. मग कॅप्शन टाकायच्या आधी स्वतःच्या नंबरवरून एक खोटी ऑर्डर द्या, लेबल काढा आणि फोनकडे बघत बसा. मेसेज आला, तर सेटिंग कुठेतरी अजून चालू आहे; लेबल काढून देणाऱ्या सेवेचा स्वतःचा वेगळा मेसेज असतो, तो हमखास विसरला जातो. ही चाचणी न करता "आजपासून बदललंय" लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तसाच मेसेज गेला, तर तो स्क्रीनशॉट काढून तुमच्याच कमेंटमध्ये लावेल.

फोटोबद्दल थोडक्यात. सुंदर डायरी, कॉफीचा कप, खिडकीतलं ऊन, आणि खाली माफी: लोक फोटो बघून पुढे जातात. साध्या रंगावर मोठ्या अक्षरात तारखेची तीच ओळ लिहा. त्या दिवसासाठी आधीच वेळ लावून ठेवलेल्या विक्रीच्या पोस्ट थांबवा, माफीनंतर दोन तासांनी "नवं कलेक्शन आलंय!" वर आलं की वरचं सगळं पुसलं जातं. पोस्ट प्रोफाइलवर पिन करा.

कमेंटमध्ये काय दिसतंय

पोस्ट लागू पडली की नाही हे लाइकवरून कळत नाही, प्रश्नांवरून कळतं. लोक "कधी?" विचारत असतील तर तारीख पहिल्या ओळीत नाही. "मी या यादीत आहे का?" विचारत असतील तर कुठपर्यंतच्या ऑर्डरी हे स्पष्ट नाही. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की उत्तरं देत बसण्यापेक्षा कॅप्शन दुरुस्त करा, ते नंतरही बदलता येतं. फोटोवरचा मजकूर बदलता येत नाही, म्हणून फोटोवर बदलू शकणारं काही लिहू नका.

प्रत्येक तक्रारीखाली "कृपया डीएम करा" चिकटवत जाऊ नका. वाचणाऱ्या तिऱ्हाइताला ते दार लावून घेतल्यासारखं दिसतं. आधी स्वतः शोधा, मग लिहा: "तुमचं पार्सल काल दुपारी कुरिअरकडे गेलं, ट्रॅकिंग मेसेजमध्ये पाठवलंय." ऑर्डर नंबर, पत्ता, फोन हे मात्र उघड्यावर कधीच नको. तक्रार काढून टाकू नका. शिवीगाळ असेल तर लपवा. "पैसे परत करा" ही शिवी नाही.

१२ तारखेला संध्याकाळी कॅप्शनच्या अगदी वर एक ओळ टाका. सगळ्या निघाल्या असतील तर: "१२ जून: ७ जूनपर्यंतच्या सगळ्या ऑर्डरी कुरिअरकडे गेल्या, कापडी कव्हरच्या २३ सोडून." चार राहिल्या असतील तर: "५७ गेल्या, ४ उद्या, १३ जूनला जातील, चौघांशी बोलणं झालंय." चार राहिल्याचं सांगायला जीव कचरतो, पण त्या चौघांना ते माहीतच आहे आणि ते कमेंट करणारच आहेत. पोस्टचा पिन तेव्हा लगेच काढू नका. वस्तूच्या पानावरची तारीख पुन्हा नेहमीच्या एका दिवसावर आली आणि कापडी कव्हरच्या शेवटच्या ऑर्डरीचा निकाल लागला, की काढा.